छोट्या गेम सर्व्हरवर दर शनिवारी डीडॉस, प्रोव्हायडर आयपीच बंद करून टाकतो. काय करावं?

ओंकार_कर्वेनगर | शनिवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. आमचा माइनक्राफ्ट जावाचा छोटा सर्व्हर आहे. शाळेतले मित्र, त्यांचे मित्र, कुणाची भावंडं असं करत करत शनिवारी रात्री चाळीसेक जण जमतात. आधी घरच्या पीसीवर चालायचा, पण गुरुवारी लाईट गेली की सगळं बंद. म्हणून मुंबईच्या डेटासेंटरमधला एक व्हीपीएस घेतला. १ जीबीपीएसचं पोर्ट, आणि जाहिरातीत ठळक अक्षरात "डीडॉस प्रोटेक्शन समाविष्ट".

एका मुलाला दुसऱ्यांची घरं फोडल्याबद्दल बॅन केलं, तेव्हापासून दर शनिवारी साडेनऊ-पावणेदहाला सगळे एकदम बाहेर फेकले जातात. त्यानेच केलं असं म्हणत नाही, पुरावा नाही. ufw लावून बघितलं, fail2ban लावलं, काडीचा फरक नाही. तिकीट टाकलं तर उत्तर आलं: तुमच्या आयपीवर ६ जीबीपीएसचा हल्ला आल्याने आयपी नल रूट केला आहे, ४ तासांनी आपोआप सुरू होईल.

म्हणजे हे प्रोटेक्शन नक्की कुणाचं? माझं की त्यांचं?

---

शिरीष_सदाशिव | रविवार, सकाळी ७:२०

ओंकार, हा व्हायरसचा प्रकार दिसतो. माझ्या मशिनवरही असंच व्हायचं, नेट एकदम ठप्प. शेवटी पूर्ण फॉरमॅट मारून चांगला अँटिव्हायरस टाकला, तेव्हापासून त्रास नाही. गेम खेळणाऱ्या मुलांच्या मशिनमध्ये नको ते डाउनलोड फार असतं. आधी सगळ्यांचे पासवर्ड बदलून घे.

---

राजस_पी | रविवार, सकाळी १०:०५

काका, त्याच्या मशिनमध्ये काही शिरलेलं नाहीये, बाहेरून मारा होतोय.

ओंकार, सोपं आहे. डोमेन क्लाउडफ्लेअरवर टाक, नारंगी ढग चालू कर, आयपी लपला. आणि iptables मध्ये यूडीपी सगळा ड्रॉप कर. जावा एडिशन टीसीपीवर चालते, यूडीपी लागतच नाही. दहा मिनिटांचं काम.

---

नेटवाला_हिंजवडी | रविवार, दुपारी १२:३२

ओंकार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: त्यांचं. नल रूट केला की तुझ्या आयपीकडे येणारं सगळं, तुझ्या खेळाडूंसकट, त्यांच्या राउटरवर किंवा त्यांच्याही वरच्या अपस्ट्रीमकडे फेकून दिलं जातं. त्याच रॅकमधल्या बाकी ग्राहकांची लाइन वाचते, तू चार तास अंधारात. हल्ला करणाऱ्याला जे हवं होतं ते प्रोव्हायडरनेच करून दिलं. यात तो फसवतो असंही नाही. त्याच्याकडे गाळायची यंत्रणा नसेल तर त्याला दुसरा उपायच नसतो. फक्त त्याला "प्रोटेक्शन" म्हणू नये.

आता ufw का चालत नाही ते. ufw तुझ्या मशिनवर आहे. पॅकेट तिथपर्यंत आलं की ते टाकायचं की ठेवायचं हे तो ठरवतो. पण तुझं पोर्ट १ जीबीपीएसचं आणि येतायत ६. म्हणजे सहातली पाच पॅकेट्स तुझ्या मशिनच्या आधी, वरच्या स्विचवरच गळतात, आणि त्यात कुठलं पॅकेट कचरा आणि कुठलं तुझ्या मित्राचं हे स्विचला कळत नाही. तुमच्या चाळीस जणांचा खेळ सगळा मिळून १०-२० एमबीपीएसचा असेल. तोही त्याच प्रमाणात गळतो. एवढं गळायला लागल्यावर टीसीपी कनेक्शन टिकत नाही. आत आलेला कचरा ufw ने कितीही चोख ड्रॉप केला तरी गल्लीच ट्रकांनी भरल्यावर दारावरचा वॉचमन काय करणार?

राजस, यूडीपीबद्दल तुझं बरोबर आहे, फक्त जागा चुकली. तो ड्रॉप प्रोव्हायडरच्या कडेला व्हायला हवा, ओंकारच्या मशिनवर नाही. नारंगी ढगाचं मात्र चालणार नाही. तो फक्त वेबची वाहतूक पुढे नेतो. 25565 वर येणारा खेळ त्यातून जात नाही, त्यामुळे ढग चालू केला की कुणालाच जॉइन होता येत नाही. मग लोक वैतागून तो करडा करतात आणि खरा आयपी डीएनएसमध्ये उघडा पडतो. गेमसाठी त्यांची स्पेक्ट्रम नावाची वेगळी सेवा आहे, ती पैसे देऊन घ्यावी लागते.

ओंकार, पुढच्या वेळी आयपी बंद व्हायच्या आधी जी एक-दोन मिनिटं मिळतात तेवढ्यात हे पकडून ठेव. एसएसएचने नाही, प्रोव्हायडरच्या पॅनेलमधल्या ब्राउझर कन्सोलवरून. एसएसएच त्याच लाइनवरून येतं, ते मरणारच.

```
sar -n DEV 1
tcpdump -ni eth0 -q -c 3000 > halla.txt
```

पहिल्यात येणाऱ्या पॅकेट्सचा आकडा बघ. लाइन तुडुंब भरलेली दिसली तर हल्ला चालू आहे. आकडा एकदम शून्याजवळ आला आणि मशिन मजेत असेल तर नल रूट बसला. आणि लाइन, मशिन दोन्ही नॉर्मल असून खेळाडू अडखळत असतील, तर गेममध्ये `/tps` टाकून सर्व्हर सेकंदाला किती टिक चालवतोय ते बघ. तिथे २० च्या खूप खाली असेल तर हा डीडॉसच नाही, तुमच्याच एखाद्या गावातल्या शंभर कोंबड्या आहेत.

---

ओंकार_कर्वेनगर | पुढचा शनिवार, रात्री १०:१५

कोंबड्या आहेत, पण शंभर नाहीत 🙂 टीपीएस २० होतं.

९:४१ ला आलं. कन्सोल आधीच उघडून बसलो होतो. सगळी फाइल टाकत नाही, नमुना असा (आयपी बदलले आहेत):

```
IP 198.51.100.7.123 > 203.0.113.20.25565: UDP, length 440
IP 198.51.100.93.123 > 203.0.113.20.25565: UDP, length 440
IP 192.0.2.41.53 > 203.0.113.20.25565: UDP, length 3113
IP 192.0.2.41 > 203.0.113.20: ip-proto-17
IP 192.0.2.41 > 203.0.113.20: ip-proto-17
```

हजारो वेगवेगळे आयपी आहेत. सगळे ब्लॉक करायची स्क्रिप्ट लिहू का?

---

नेटवाला_हिंजवडी | शनिवार, रात्री १०:५०

स्क्रिप्ट नको. हे आयपी हल्लेखोराचे नाहीतच. ही जगभरातली नीट कॉन्फिगर न केलेली एनटीपी आणि डीएनएस मशिन्स आहेत. हल्लेखोर तुझा आयपी "पाठवणारा" म्हणून घालून त्यांना छोटासा प्रश्न विचारतो आणि लांबलचक उत्तर तुझ्यावर येऊन आदळतं. ४४० बाइटचं ते उत्तर म्हणजे एनटीपीची जुनी `monlist`. त्यात पाठवलेल्याच्या ५५६ पटीपर्यंत परत येतं. म्हणजे मुलाच्या खिशात फार मोठी ताकद असायला लागत नाही. आज हे आयपी अडवलेस तर पुढच्या शनिवारी दुसरे येतील.

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या. डीएनएसचं उत्तर एका पॅकेटात मावलं नाही म्हणून त्याचे तुकडे झाले. पहिल्या तुकड्यावर पोर्ट लिहिलेलं असतं, पुढच्यांवर नसतं. त्यामुळे "सोर्स पोर्ट ५३ आणि १२३ अडवा" एवढाच नियम दिलास तर मागचे तुकडे आरामात आत येतात. नियम प्रोटोकॉलवरच हवा: या आयपीकडे येणारा यूडीपी बंद, यूडीपीचे तुकडेही बंद.

आता प्रोव्हायडरला सरळ विचार. हल्ला आल्यावर तुम्ही गाळता की आयपी बंद करता? गाळणं कायम चालू असतं की हल्ला ओळखल्यावर सुरू होतं? आणि तुमच्या कडेच्या राउटरवर मला माझे नियम टाकता येतात का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर तिथे सर्व्हर ठेव, पण तोंड दुसरीकडे कर. म्हणजे पुढे एक छोटा व्हीपीएस अशा ठिकाणी घे जिथे गेमसाठी गाळणी आहे. त्यावर फक्त प्रॉक्सी चालेल. खेळाडूंना त्याचाच आयपी दिसेल. खरा सर्व्हर मागे.

जागा मुंबईच बघ. पुण्याहून मुंबई म्हणजे थोडे मिलिसेकंद, जाणवतही नाही. सिंगापूरच्या प्रॉक्सीवरून गेलास तर खेळ जाताना दोनदा आणि येताना दोनदा समुद्र ओलांडतो, आणि तलवार चालवताना ते कळतं.

---

मृणाल_बाणेर | रविवार, सकाळी ९:३०

पोलिसांत तक्रार करायचं कुणी सुचवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या छोट्या ऑनलाइन दुकानाच्या साइटवर दिवाळीच्या आधी असाच प्रकार झाला होता, सोबत पैसे मागणारी मेल. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये सेवा अडवणं येतं, आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. cybercrime.gov.in वर तक्रार घालता येते. हल्ल्याची वेळ, प्रोव्हायडरचं तिकीट, ती फाइल, सगळं जपून ठेव. मला त्या मेलमुळे निदान धागा तरी होता.

---

नेटवाला_हिंजवडी | रविवार, सकाळी ११:१०

ताई, तक्रार जरूर करावी. पण या प्रकारात फाइलमध्ये फक्त त्या बिचाऱ्या एनटीपी मशिन्स दिसतात, मागचा माणूस दिसत नाही. तुमच्याकडे मेल होती, ओंकारकडे तसं काही नाही. कुणी चॅटमध्ये "आज रात्री पाडतो" वगैरे लिहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट त्या फाइलपेक्षा जास्त कामाचा.

---

ओंकार_कर्वेनगर | बुधवार, रात्री ८:०५

पुढचा व्हीपीएस घेतला, मुंबईतच, गेमची गाळणी असलेला. त्यावर व्हेलॉसिटी ही प्रॉक्सी टाकली. मागच्या सर्व्हरला नवा आयपी मागून घेतला, कारण जुना सगळ्या जगाला माहीत आहे. पॅनेलमध्ये कडेच्या फायरवॉलचे नियमही टाकले: 25565 टीसीपी चालू, सुरू झालेल्या टीसीपीची उत्तरं चालू, यूडीपी पूर्ण बंद.

आणि आता कुणालाच जॉइन होता येत नाहीये! सर्व्हर लिस्टमध्ये हिरवा दिसतो, क्लिक केलं की `Authentication servers are down. Please try again later, sorry!` दुसऱ्या सर्व्हरवर तीच मुलं व्यवस्थित जातात, म्हणजे मोजांगचं काही बंद नाही. हल्लाही नाही.

---

राजस_पी | बुधवार, रात्री ८:२०

`online-mode=false` कर प्रॉक्सीवर, चालेल.

---

नेटवाला_हिंजवडी | बुधवार, रात्री ९:००

राजस, अजिबात नको. मग कुणीही ओंकारचं नाव टाइप करून ओंकार म्हणून आत येईल, अ‍ॅडमिनच्या अधिकारांसकट.

हे यूडीपी बंद केल्यामुळेच झालंय. खेळाडू खरा आहे का हे विचारायला प्रॉक्सी `sessionserver.mojang.com` ला जाते. त्यासाठी आधी त्या नावाचा आयपी हवा. तो प्रश्न डीएनएसला यूडीपीवर जातो आणि उत्तर सोर्स पोर्ट ५३ वरून यूडीपीवरच परत येतं. तुझ्या मशिनवरचा ufw लक्षात ठेवतो की हा प्रश्न आपणच विचारला होता, म्हणून उत्तर आत घेतो. कडेच्या राउटरवरच्या नियमाला असली स्मरणशक्ती बहुधा नसते. त्याला फक्त "बाहेरून आलेलं यूडीपी" दिसतं आणि ते जातं कचऱ्यात. प्रॉक्सीवर हे चालवून बघ:

```
dig +time=2 sessionserver.mojang.com
dig +tcp sessionserver.mojang.com
```

पहिलं लटकलं आणि दुसऱ्याचं उत्तर आलं तर नक्की हेच.

उपाय: पोर्ट ५३ वरून येणारं यूडीपी चालू कर, पण फक्त तुझ्या प्रोव्हायडरच्या डीएनएस सर्व्हरच्या आयपीवरून, आणि हा नियम बंदीच्या नियमाच्या वर ठेव. सगळ्या जगासाठी ५३ उघडलास तर गेल्या शनिवारचे ते ३११३ बाइटवाले पाहुणे पुन्हा त्याच दारातून येतील. मशिनचं घड्याळही एनटीपीवर म्हणजे यूडीपीवरच चालतं. तेही बघून घे, नाहीतर काही आठवड्यांनी लॉगमधल्या वेळा हळूहळू सरकलेल्या दिसतील.

---

ओंकार_कर्वेनगर | बुधवार, रात्री ९:४०

हेच होतं. पहिलं लटकलं, दुसऱ्याचं लगेच उत्तर. नियम टाकला, सगळे आत. धन्यवाद दादा, वडापाव लागू.

---

हॉस्टेल_तिसरा_मजला | शुक्रवार, रात्री ११:३०

मी ओंकारच्या सर्व्हरवर खेळतो. नवीन प्रॉक्सी आल्यापासून आमच्या हॉस्टेलवरची निम्मी पोरं जॉइनच होऊ शकत नाहीत. कधी `You are logging in too fast` येतं, कधी `Connection throttled`. आमच्यावर कुणी डीडॉस करतंय का?

---

नेटवाला_हिंजवडी | शनिवार, सकाळी ८:१५

नाही, तुमच्यावर ओंकारच्या दोन सेटिंग करतायत. पहिलं व्हेलॉसिटीचं `login-ratelimit`. मुळात ३००० मिलिसेकंद असतं, म्हणजे एका आयपीवरून तीन सेकंदांत एकच लॉगिन. तुमच्या अख्ख्या हॉस्टेलला बाहेर एकच आयपी असणार, त्यामुळे रीस्टार्टनंतर सगळे एकदम धावलात की पहिला आत, बाकीचे बाहेर. मोबाइल नेटवरच्या मुलांचंही असंच होऊ शकतं, कंपन्या शेकडो लोकांना एका आयपीमागे बसवतात.

दुसरं मागच्या सर्व्हरच्या `bukkit.yml` मधलं `connection-throttle`. त्या सर्व्हरला आता सगळे जण प्रॉक्सीच्या एकाच आयपीवरून येताना दिसतात, तर तो सगळ्यांनाच घाईत आलेला एक माणूस समजतो. प्रॉक्सी असेल तर तिथे `-1` ठेवायचं.

पहिलं मात्र शून्य करू नकोस ओंकार, थोडं खाली आण. जीबीपीएसवाला मारा फसला की पुढचा प्रकार बहुतेक वेळा बॉट्स जॉइन करवण्याचा असतो. तो जेमतेम ५ एमबीपीएसचा, रीतसर टीसीपी कनेक्शनचा असतो. प्रोव्हायडरच्या गाळणीला तो खेळाडूंसारखाच दिसतो, तिथे हा अडसर उपयोगी पडतो. नक्की किती ठेवायचं ते तुझी हॉस्टेलवाली मंडळी किती आहेत त्यावर. मी आकडा सांगणार नाही.

---

ओंकार_कर्वेनगर | मंगळवार, रात्री १०:२५

दोन शनिवार शांत गेले. प्रॉक्सीच्या पॅनेलमध्ये हल्ल्याचा आलेख दिसला, खेळणाऱ्यांना पत्ताही नाही. आणि आज मंगळवारी, कुणी नसताना, मागचाच सर्व्हर गेला. प्रॉक्सी चालू, लिस्टमध्ये हिरवं दिसतंय, पण जॉइन केलं की मागचा सर्व्हर सापडत नाही म्हणते. जुन्या प्रोव्हायडरचं तिकीट तेच: नल रूट, ४ तास.

मागच्या सर्व्हरवर ufw मध्ये फक्त प्रॉक्सीला प्रवेश आहे. नवा आयपी मी कुणालाही सांगितलेला नाही. डीएनएसमध्येही कधी घातला नाही. मग कळला कसा?

---

राजस_पी | मंगळवार, रात्री १०:४०

डिस्कॉर्ड बॉट त्याच मशिनवर आहे ना? बॉटमधून आयपी फुटतो. मी वाचलंय.

---

नेटवाला_हिंजवडी | मंगळवार, रात्री ११:२०

बॉट डिस्कॉर्डच्या सर्व्हरला जाऊन भेटतो, तुझा आयपी डिस्कॉर्डला कळतो, चॅनेलमधल्या पोरांना नाही. पण दिशा तुझी बरोबर आहे राजस. दार बंद असेल तर बघायचं की आतून बाहेर कोण जातं. ufw ने आत येणं अडवलंय, बाहेर जाणं मोकळं आहे.

ओंकार, हे एकेक तपास. `server.properties` मध्ये `resource-pack` च्या पुढे त्याच मशिनचा पत्ता आहे का? असेल तर प्रत्येक खेळाडूच्या मशिनला तो पाठवला जातो, लपवण्यात अर्थच नाही. वेबवरचा नकाशा त्याच मशिनवरून थेट देतोस का? डोमेनच्या मेलच्या रेकॉर्डमध्ये तो आयपी आहे का? आणि असं कुठलं प्लगइन आहे का जे खेळाडूने दिलेल्या लिंकवरून काहीतरी उतरवतं? चित्र, गाणं, स्किन, काहीही. ते असेल तर हे चालव:

```
zgrep -i "issued server command.*http" logs/*.log.gz
grep -i "issued server command.*http" logs/latest.log
```

---

ओंकार_कर्वेनगर | बुधवार, रात्री १२:१०

रिसोर्स पॅक नाही, नकाशा नाही, मेल नाही. पण भिंतीवर फोटो लावायचं प्लगइन आहे, गणपतीच्या वेळी सगळ्यांनी मंडपात चित्रं लावली होती त्यासाठी घेतलं होतं. लॉगमध्ये हे मिळालं:

```
[18:52:31] [Server thread/INFO]: dhurala_09 issued server command: /poster http://198.51.100.44:8080/a.png
```

बाकी सगळ्यांच्या लिंक नेहमीच्या फोटो साइटच्या आहेत. ही एकटीच नुसत्या आयपीवरची. हा आयडी सोमवारीच आला, चार मिनिटं थांबून गेला. चित्र कुठेच लावलेलं नाही.

---

नेटवाला_हिंजवडी | बुधवार, सकाळी ७:४५

त्याला चित्र नकोच होतं. 198.51.100.44 वर त्याने स्वतःचा छोटा वेब सर्व्हर उघडून ठेवला. तुझ्या प्लगइनने इमानेइतबारे तिथे जाऊन a.png मागितलं, आणि मागणारा कोण हे त्याच्या लॉगमध्ये छापलं गेलं. तो तुझा नवा आयपी. प्रॉक्सी मध्ये येतच नाही, कारण ही विनंती मागच्या मशिनवरून सरळ बाहेर गेली. आणि पत्ता कळल्यावर ufw चा उपयोग नाही हे आपण वर बोललोच. तो त्या मशिनची लाइन भरतो, आत शिरायची त्याला गरज नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी हे भोक बुजव, मग आयपी बदल. उलटं केलंस तर नवा आयपीही संध्याकाळपर्यंत त्याच्या लॉगमध्ये असेल.

मागच्या मशिनला बाहेर जायची जवळपास गरजच नाही. खेळाडूंची खातरजमा प्रॉक्सी करते, स्किनही तिच्याकडून येतात. म्हणून:

```
ufw default deny incoming
ufw default deny outgoing
ufw allow from 203.0.113.10 to any port 25565 proto tcp
ufw allow from 203.0.113.10 to any port 22 proto tcp
```

203.0.113.10 च्या जागी तुझ्या प्रॉक्सीचा आयपी. एसएसएचही प्रॉक्सीवरूनच कर. हे चालवताना ब्राउझर कन्सोल उघडा ठेव, आकडा चुकला तर स्वतःलाच बाहेर कोंडशील. अपडेट घ्यायचे असतील तेव्हा थोडा वेळ बाहेरची वाट उघडायची, पण सर्व्हर बंद ठेवून. फोटोचं प्लगइन मग चालणार नाही. हवंच असेल तर मागच्या मशिनची बाहेर जाणारी सगळी वाहतूक वायरगार्डच्या बोगद्यातून प्रॉक्सीमार्गे ने. मग समोरच्याच्या लॉगमध्ये प्रॉक्सीचा आयपी छापला जाईल, जो तसाही जाहीर आहे. `AllowedIPs = 0.0.0.0/0` दिल्याशिवाय हे होत नाही. लोक फक्त प्रॉक्सीचा पत्ता देतात आणि बाकी वाहतूक जुन्याच वाटेने जात राहते.

एक राहिलं. `forwarding.secret` मधली किल्ली मागच्या सर्व्हरवरच्या पेपर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये घातली आहेस ना? मागचा सर्व्हर ऑफलाइन मोडवर असतो. किल्ली नसेल आणि ufw कधी चुकून उघडा राहिला, तर थेट येऊन कुणीही ओंकार होईल.

---

ओंकार_कर्वेनगर | बुधवार, रात्री ११:०५

किल्ली होती. बाहेरची वाट बंद केली, मग नवा आयपी घेतला (प्रोव्हायडरने या वेळी पैसे लावले). खात्री करायला सर्व्हरवरून `curl` मारून बघितलं, लटकतं. फोटोच्या प्लगइनवरून दोघी जणी माझ्यावर रागावल्या आहेत, मंडपातली जुनी चित्रं मात्र शाबूत आहेत. वायरगार्डचं सुट्टीत बघतो.

---

शिरीष_सदाशिव | गुरुवार, सकाळी ७:०५

म्हणजे पोराने लिंक दिली आणि मशिनने उघडली. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, नको त्या लिंक उघडतात!

---

राजस_पी | गुरुवार, सकाळी ९:४०

काका, या वेळी तुम्ही बरोबर निघालात, कबूल. 😄

दादा, एक विचारतो. प्रॉक्सीच्या कडेला यूडीपी बंद आहे आणि वायरगार्ड यूडीपीवरच चालतं. मग बोगदा येणार कुठून?

---

नेटवाला_हिंजवडी | गुरुवार, दुपारी १:२०

चांगला प्रश्न. ओंकारच्या मागच्या सर्व्हरला ठरलेला आयपी आहे, तेव्हा प्रॉक्सीच्या कडेला फक्त त्या एका आयपीवरून 51820 चालू करायचं. डीएनएसचा केला तसाच नियम. मागचा सर्व्हर घरी असता आणि ब्रॉडबँडवाल्याने सामायिक आयपीमागे बसवलं असतं, तर येणारा पत्ता बदलता राहतो आणि 51820 सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागतं. वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तर देत नाही, त्यामुळे ते चटकन दिसत नाही, पण कुणी आंधळेपणाने सगळ्याच पोर्टवर यूडीपी ओतला तर तेवढं एक दार उघडं राहतं. तिथे प्रोव्हायडरची गाळणी किती चांगली यावर मदार.

---

अनघा_वारजे | गुरुवार, रात्री ९:५०

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न पुढचा आहे. आमच्याकडे निम्मी मुलं मोबाइलवर, बेडरॉकवाली, गायझर प्लगइनमधून येतात. बेडरॉक 19132 वर, तेही यूडीपी. मग "यूडीपी पूर्ण बंद" हा उपाय माझ्या कामाचाच नाही. 19132 उघडं ठेवलं तर हल्लाही तिथेच येणार ना?

---

नेटवाला_हिंजवडी | गुरुवार, रात्री १०:३५

येणार. तुमच्याकडे निदान इतकं करता येतं: 19132 सोडून बाकी यूडीपी बंद, तुकडे बंद, आणि 19132 वरही सोर्स पोर्ट ५३, १२३, ३८९, १९००, ११२११ वरून येणारं बंद. खेळाडूचा फोन या पोर्टवरून सहसा येत नाही. ओंकारवर आला तसला मारा यात अडतो. पण सोर्स पोर्ट कुठलंही घालून, नेमकं बेडरॉकच्या पिंगसारखं दिसणारं पॅकेट कुणी पाठवलं, तर साध्या नियमांनी ते वेगळं काढता येत नाही. तिथे बेडरॉकचा प्रोटोकॉल ओळखणारी गाळणी लागते. काही प्रोव्हायडर ती देतो म्हणतात. घेण्याआधी त्यांना "बेडरॉक" हा शब्द घालूनच विचारा, नुसतं "माइनक्राफ्ट" म्हटलं तर ते जावाबद्दल हो म्हणतील.

---

अनघा_वारजे | गुरुवार, रात्री १०:५२

विचारलं आहे. "आमची सिस्टम ऑटोमॅटिक आहे" एवढंच उत्तर आलंय. इथे कुणी बेडरॉकसाठी मुंबईतलं वापरून बघितलं आहे का? जाहिरात नको, प्रत्यक्ष हल्ला झालेला असेल तरच सांगा.